विश्लेषण : ऑर्डर एक, दावेदार तीन… ऑनलाइन दुकानदार कमिशन नेमके कोणाला देतो?

डिसेंबर 2024 मध्ये 'मेगालॅग' या यूट्यूब वाहिनीवर एक चित्रफीत प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेतल्या यूट्यूबरांमध्ये खळबळ उडाली. 'हनी' हे ब्राउझरमध्ये बसवायचे एक छोटे साधन आहे. खरेदीचे पैसे भरताना ते सवलतीचे कूपन शोधून देते. पेपाल कंपनीने 2020 मध्ये हनीची खरेदी सुमारे चार अब्ज डॉलरना पूर्ण केली. अनेक नामांकित यूट्यूबरांनी आपल्या चित्रफितींत हनीची जाहिरात केली होती. आता आरोप असा झाला, की त्याच यूट्यूबरांना मिळायला हवे असलेले कमिशन हे साधन शेवटच्या क्षणी आपल्या नावावर वळवते. काही दिवसांतच कॅलिफोर्नियात पेपालविरुद्ध खटले दाखल झाले. आपण या व्यवसायातले प्रचलित नियमच पाळतो आणि 'शेवटच्या क्लिकला श्रेय' हाही त्यातलाच एक नियम आहे, अशी भूमिका पेपालने घेतली.

या उत्तरातच सगळ्या प्रश्नाचे मूळ आहे. हा नियम काय आहे, ऑनलाइन दुकानदार त्यावर विसंबून पैसे कसे मोजतो, आणि दुकानाच्या स्वतःच्या स्वयंचलित संदेशांचा हिशोबही याच कारणाने कसा फुगतो, याविषयी…

अ‍ॅफिलिएटला पैसे कसे मिळतात?

अ‍ॅफिलिएट म्हणजे दुकानाला गिऱ्हाईक मिळवून देणारा बाहेरचा माणूस किंवा संकेतस्थळ. ब्लॉग लिहिणारी गृहिणी, मोबाइलची परीक्षणे करणारा यूट्यूबर, कूपनांची यादी देणारे संकेतस्थळ, कॅशबॅक देणारे अ‍ॅप हे सगळे अ‍ॅफिलिएट. अ‍ॅमेझॉनने 1996 मध्ये आपला 'असोसिएट्स' कार्यक्रम सुरू केला आणि ही पद्धत जगभर रुळली. तत्त्व साधे आहे : विक्री झाली तर कमिशन, नाही झाली तर काही नाही. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचे पैसे आधी द्यावे लागतात. इथे ते विक्रीनंतर द्यायचे असतात. म्हणून छोट्या दुकानदाराला ही पद्धत बिनधोक्याची वाटते.

प्रत्येक अ‍ॅफिलिएटला स्वतःची ओळख असलेली लिंक मिळते. ती साधारण अशी दिसते :

```
https://example.com/saree?aff=1042&click=7f3a
```

यात `aff` हा अ‍ॅफिलिएटचा क्रमांक आणि `click` हा त्या विशिष्ट क्लिकचा क्रमांक. वाचकाने लिंक दाबली, की हे क्रमांक त्याच्या ब्राउझरमध्ये 'कुकी' नावाच्या लहानशा नोंदीत साठवले जातात. ठरलेल्या मुदतीत त्याने खरेदी केली, तर 'धन्यवाद, ऑर्डर मिळाली' या पानावरून ऑर्डरचा क्रमांक आणि रक्कम ट्रॅकिंग करणाऱ्या नेटवर्ककडे जाते आणि कमिशनची नोंद होते. मुदत प्रत्येक दुकान ठरवते. अ‍ॅमेझॉनच्या कार्यक्रमात ती सर्वसाधारणपणे 24 तासांची आहे. इतरत्र सात दिवस, तीस दिवस अशाही मुदती असतात.

नोंद झाली म्हणजे पैसे मिळाले असे मात्र नाही. ती आधी 'प्रलंबित' राहते. माल परत करण्याची मुदत उलटल्यावर दुकानदार नेटवर्ककडची यादी आपल्या ऑर्डरींशी ताडून पाहतो. रद्द झालेल्या, परत आलेल्या ऑर्डरी वगळतो आणि उरलेल्या मंजूर करतो. आपल्याकडे घरपोच पैसे देण्याच्या ऑर्डरी बऱ्याच असतात आणि त्यातल्या काही दारातूनच परत जातात. त्यामुळे ही छाननी महत्त्वाची ठरते. दिवाळीत झालेल्या विक्रीचे कमिशन अ‍ॅफिलिएटच्या हाती पडायला नवे वर्ष उजाडू शकते, ते याच कारणाने.

'शेवटच्या क्लिकला श्रेय' म्हणजे काय?

समजा, एका गिऱ्हाइकाने सोमवारी एका ब्लॉगवरची लिंक दाबली आणि गुरुवारी दुसऱ्या संकेतस्थळावरची. शुक्रवारी त्याने खरेदी केली. कमिशन कोणाचे? बहुतेक कार्यक्रमांत ते दुसऱ्याला मिळते. नवी कुकी जुन्या कुकीची जागा घेते आणि सर्वांत शेवटचा क्लिक ज्याचा, त्याचे सगळे कमिशन.

हा नियम टिकण्याचे कारण व्यावहारिक आहे. तो मोजायला सोपा, समजायला सोपा आणि एका ऑर्डरवर दोनदा कमिशन द्यावे लागत नाही. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले आहे : जो शेवटी आला, त्यानेच विक्री घडवली. दुकानात मालाची माहिती देऊन गिऱ्हाइकाचे मन वळवणारा विक्रेता एक, आणि गल्ल्याजवळ उभा राहून 'हे माझे गिऱ्हाईक' म्हणणारा दुसरा. शेवटच्या क्लिकचा नियम या दोघांतला दुसरा निवडतो.

मार्केटिंग ऑटोमेशन यापेक्षा वेगळे कसे?

अ‍ॅफिलिएट बाहेरच्या माणसामार्फत नवे गिऱ्हाईक आणतो. ऑटोमेशन म्हणजे ज्याचा ईमेल पत्ता किंवा फोन नंबर दुकानाकडे आधीच आहे, त्याला ठरावीक प्रसंगी आपोआप संदेश पाठवणारी संगणक प्रणाली. नवी नोंदणी झाली, की स्वागताचा संदेश. वस्तू टोपलीत टाकून पैसे न भरता माणूस निघून गेला, तर तासाभराने आठवण आणि दुसऱ्या दिवशी कदाचित सवलत. तीन महिने काही घेतले नाही, तर 'बरेच दिवसांत आला नाहीत' असा निरोप. प्रसंग, थांबण्याचा अवधी आणि मजकूर एकदा ठरवून दिला, की पुढचे काम प्रणाली करते. यातला सोडून दिलेल्या टोपलीचा संदेश सर्वाधिक वापरला जातो, कारण तो खरेदीच्या सर्वांत जवळ असतो.

खर्चाची पद्धतही उलट आहे. ऑटोमेशनमध्ये विक्री होवो न होवो, पैसे मोजावे लागतात. प्रणालीचे मासिक भाडे बहुधा यादीत किती संपर्क आहेत त्यावर ठरते. म्हणजे वर्षानुवर्षे काहीही न घेणारे जुने संपर्क यादीत राहिले, तर त्यांचेही भाडे भरत राहावे लागते. त्यावर संदेशागणिक खर्च येतो. ईमेल जवळजवळ फुकट पडते. एसएमएस आणि व्हॉट्सअ‍ॅपला मोजून पैसे लागतात. व्हॉट्सअ‍ॅपने 1 जुलै 2025 पासून व्यवसायांसाठीची आकारणी 24 तासांच्या संभाषणाऐवजी प्रत्येक पोहोचलेल्या संदेशावर केली. जाहिरातीच्या संदेशाचा दर 'तुमचा माल निघाला' अशा माहितीपर संदेशाच्या कित्येक पट आहे. भारतात जाहिरातीचा एक संदेश रुपयाच्या आत पडतो. मधल्या सेवादात्याचा आकार आणि कर धरून तो रुपयाच्या आसपास जातो.

थोडक्यात, अ‍ॅफिलिएटला पैसे दिले जातात ते विक्रीच्या श्रेयासाठी, आणि ऑटोमेशनला क्षमतेसाठी व वापरासाठी. पण दोघांचे मोजमाप एकाच पायावर उभे आहे : खरेदीच्या आधी कोण दिसले होते?

एकाच ऑर्डरवर तिघे दावा कसा करतात?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यातून हातमागाच्या साड्या ऑनलाइन विकणारे एक छोटे दुकान आहे. साडी 1,500 रुपयांची. खरेदी, पॅकिंग आणि कुरिअर वजा जाता दुकानाला त्यात 600 रुपये उरतात. हिशोब सोपा राहावा म्हणून जीएसटी बाजूला ठेवू.

नाशिकच्या एका बाईंनी यूट्यूबवर साड्यांची ओळख करून देणारी चित्रफीत पाहिली. खालची लिंक दाबून त्या दुकानाच्या संकेतस्थळावर आल्या, साडी टोपलीत टाकली, नंबर दिला; पण तेवढ्यात दारावर कोणी आले आणि खरेदी राहून गेली. संध्याकाळी दुकानाचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आला : 'तुमची साडी टोपलीत वाट पाहते आहे.' त्यांनी तो उघडला आणि पैसे भरण्याच्या पानावर पोहोचल्या. तिथे ब्राउझरमधले कूपन शोधणारे साधन उघडले. त्याने दहा टक्के सवलतीचे, आधीच सगळीकडे फिरत असलेले कूपन लावून दिले. ऑर्डर झाली 1,350 रुपयांची.

आता हिशोब पाहा. कूपनच्या साधनाने ते बटण दाबताच पाठीमागे स्वतःची अ‍ॅफिलिएट लिंक उघडली होती. शेवटचा क्लिक त्याचा. आठ टक्के दराने 108 रुपये कमिशन त्याला, आणि त्या कमिशनच्या पाव भाग म्हणजे 27 रुपये मधल्या नेटवर्कला. यूट्यूबरला शून्य. ऑटोमेशनच्या डॅशबोर्डवर मात्र हीच ऑर्डर 'आमच्या संदेशामुळे 1,350 रुपयांची विक्री' अशी झळकते. दुकान फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर जाहिरात करत असेल आणि बाईंनी आठवडाभरात ती दाबली असेल, तर तिथल्या अहवालातही ती दिसू शकते. तिन्ही अहवालांची बेरीज केली, तर विक्री 4,050 रुपये; बँकेत आले 1,350.

दुकानाच्या 600 रुपयांतून 150 सवलतीत गेले, 135 कमिशन आणि नेटवर्कमध्ये, रुपयाभर संदेशाला. उरले 314. साडी विकण्याचे खरे काम ज्याच्या चित्रफितीने केले, त्याला काहीच मिळाले नाही. पुढच्या वेळी तो या दुकानाच्या साड्या दाखवील का, हा प्रश्न दुकानाच्या कोणत्याही अहवालात दिसत नाही.

हनी प्रकरणात नेमका आक्षेप कशावर होता?

वर सांगितलेल्या घटनेतल्या शेवटच्या टप्प्यावर. टीकाकारांच्या म्हणण्यानुसार, खरेदीदाराने हनीच्या चौकटीतले बटण दाबले, की पाठीमागे एक टॅब क्षणभर उघडून बंद होत असे आणि आधीच्या अ‍ॅफिलिएटची कुकी बदलली जात असे. कूपन सापडले नाही आणि वापरणाऱ्याने केवळ तो निरोप बंद केला, तरीही असे घडत असे, हा आरोप अधिक गंभीर होता. कारण मग खरेदीदाराला काहीही न देता कमिशन घेतल्यासारखे होते.

या व्यवसायात 'थांबण्याचा' एक संकेत आहे. गिऱ्हाईक नुकतेच दुसऱ्या अ‍ॅफिलिएटच्या लिंकवरून आले असेल, तर ब्राउझरमधल्या साधनाने त्या भेटीत गप्प राहावे, चौकट उघडू नये, अशी अट अनेक नेटवर्क घालतात. पण ती पाळली जाते की नाही, हे प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये डोकावून पाहता येत नाही. शिवाय उदाहरणातल्या बाईंसारखे गिऱ्हाईक सकाळी एका लिंकवरून आणि संध्याकाळी दुकानाच्या संदेशावरून आले, तर सकाळचा क्लिक त्या भेटीत मोडत नाही. मग संकेत पाळूनही यूट्यूबरच्या हाती काही लागत नाही.

या वादानंतर गूगलने मार्च 2025 मध्ये क्रोम ब्राउझरच्या साधनांसाठीचे धोरण कडक केले. खरेदीदाराला थेट आणि दिसेल असा फायदा होत नसेल, उदाहरणार्थ सवलत मिळतच नसेल, तर साधनाला अ‍ॅफिलिएट लिंक किंवा कुकी घुसवता येणार नाही, असे त्यात स्पष्ट केले. यामुळे उघड अन्याय कमी होईल. पण कूपन खरोखर सापडले, तर शेवटचा क्लिक अजूनही त्या साधनाचाच राहतो.

ही समस्या नवी आहे का?

नाही. ईबेच्या अ‍ॅफिलिएट कार्यक्रमात सर्वाधिक कमिशन मिळवणाऱ्या दोघांवर कंपनीने 2008 मध्ये दावा लावला होता. लोक दुसरीच पाने पाहत असताना त्यांच्या ब्राउझरमध्ये गुपचूप ईबेची कुकी टाकायची, आणि त्यातला जो कोणी पुढे आपणहून ईबेवर खरेदी करील त्याचे कमिशन घ्यायचे, अशी ती युक्ती होती. ती थेट फसवणूक ठरली. दोघांनी गुन्हा कबूल केला आणि 2014 मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

दोन्ही प्रकरणे कायद्याच्या दृष्टीने वेगळी आहेत, पण दोन्हींना वाव देणारी फट एकच आहे. 'विक्री झाली तरच पैसे' ही पद्धत बिनधोक्याची वाटते खरी. पण जी विक्री एरवीही होणारच होती, तिच्यावर कमिशन दिले तर तो निव्वळ तोटा असतो. आणि अशी विक्री शोधून तिच्यासमोर उभे राहणे हे नवे गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा फार सोपे असते.

दुकानदाराला गडबड कशी ओळखता येईल?

नेटवर्कच्या अहवालात क्लिकची वेळ आणि ऑर्डरची वेळ दोन्ही असतात. त्यांतला फरक काढणे ही पहिली आणि सर्वांत उपयोगी तपासणी. परीक्षण वाचून आलेला माणूस साड्या पाहतो, रंग निवडतो, पत्ता भरतो; त्याला दहा-वीस मिनिटे, कधी दोन-तीन दिवस लागतात. एखाद्या अ‍ॅफिलिएटच्या बहुतेक ऑर्डरी क्लिकनंतर मिनिटाभरात होत असतील, तर तो क्लिक पैसे भरण्याच्या पानावरच झाला आहे हे उघड आहे.

दुसरी खूण क्लिक आणि ऑर्डर यांच्या प्रमाणात सापडते. शंभर क्लिकमागे दोन-तीन ऑर्डरी हे सामान्य दुकानातले चित्र. कोणाच्या शंभर क्लिकमागे तीस-चाळीस ऑर्डरी येत असतील, तर तो गिऱ्हाईक आणत नाही, आलेल्या गिऱ्हाइकासमोर उभा राहतो. याउलट हजारो क्लिक आणि ऑर्डर एखादीच, असे दिसले तर कुकी गुपचूप टाकली जात असल्याचा संशय घ्यावा. तिसरी खूण म्हणजे नव्या गिऱ्हाइकांचा वाटा. ऑर्डरींचे फोन नंबर आपल्या जुन्या यादीशी ताडून पाहिले, की कोणता अ‍ॅफिलिएट नवी माणसे आणतो आणि कोणता आपलीच माणसे आपल्याला विकतो, हे कळते.

यावर उपायही आहेत. सर्वांना एकच दर न ठेवता परीक्षण आणि मजकूर देणाऱ्यांना जास्त, कूपनवाल्यांना कमी दर देता येतो. नव्या गिऱ्हाइकावर जास्त आणि जुन्यावर कमी कमिशन ठेवता येते. प्रत्येक यूट्यूबरला त्याच्या नावाचे स्वतंत्र कूपन देऊन, ते कूपन वापरले गेले की कुकी कोणाचीही असो, कमिशन त्यालाच, असा नियम करता येतो. अर्थात हे कूपन कूपनांच्या संकेतस्थळावर पोहोचले, की पुन्हा तोच घोळ. म्हणून त्याचा वापर अचानक वाढला, तर ते बदलावे लागते.

ऑटोमेशनचे आकडे का फुगतात?

ऑटोमेशनमध्ये कोणी चोरी करत नाही. इथे मोजण्याची रीतच उदार असते. संदेश उघडला किंवा दाबला आणि त्यानंतर ठरावीक दिवसांत, उदाहरणार्थ पाच दिवसांत, खरेदी झाली, तर ती पूर्ण विक्री संदेशाच्या खात्यात जमा होते. मुदत वाढवली, की काही न करता आकडा वाढतो.

त्यात 'उघडला' या शब्दाचा अर्थच आता डळमळीत आहे. ईमेल उघडला हे कळते ते त्यातले एक अदृश्य चित्र डाउनलोड झाल्यावर. अ‍ॅपलने सप्टेंबर 2021 मध्ये आपल्या मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेची अशी सोय आणली, की ती सुरू असेल तर ही चित्रे वाचकाने ईमेल न उघडताही आधीच उतरवून घेतली जातात. त्यामुळे आयफोनवरचे बरेचसे ईमेल न वाचताच 'उघडले' गणले जातात.

आणि मूळ मुद्दा असा, की साडी टोपलीत टाकलेली बाई ही आधीच खरेदीच्या उंबरठ्यावर आहे. दारावर आलेला माणूस गेल्यावर ती कदाचित आपणहून परतली असती. संदेशाने तिला परत आणले, की संदेश वाटेत भेटला, हे डॅशबोर्डला सांगता येत नाही.

मग खरा परिणाम मोजायचा कसा?

काही लोकांना मुद्दाम संदेश न पाठवून. टोपली सोडून गेलेल्यांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही माणसे निवडायची, त्यांना काहीच पाठवायचे नाही, आणि दोन्ही गटांत किती जणांनी खरेदी केली ते पाहायचे. ऑटोमेशनच्या अनेक प्रणालींत ही सोय असते. नसल्यास फोन नंबरच्या शेवटच्या अंकावरून गट पाडले तरी काम भागते.

आपल्या साडीच्या दुकानाने तीन महिने हे केले असे समजू. या काळात 4,000 जणांनी टोपली सोडली. 3,200 जणांना प्रत्येकी दोन संदेश गेले, 800 जणांना एकही नाही. सात दिवसांत पहिल्या गटातल्या 384 जणांनी, म्हणजे 12 टक्क्यांनी खरेदी केली. दुसऱ्या गटात 72 जणांनी, म्हणजे 9 टक्क्यांनी. ज्यांना कोणी आठवणही केली नाही, त्यांतलेही शंभरातले नऊ परत आले. म्हणजे संदेशाचे खरे श्रेय उरलेल्या तीन टक्क्यांचे : 3,200 च्या तीन टक्के, 96 ऑर्डरी. संदेश उघडून खरेदी केलेल्या 260 ऑर्डरी मात्र डॅशबोर्डने आपल्या नावावर दाखवल्या होत्या.

आता खर्च लावू. प्रणालीच्या भाड्यातला या कामाचा वाटा महिना 8,000, तीन महिन्यांचे 24,000 रुपये. 6,400 संदेशांचे सुमारे 6,400 रुपये. एकूण 30,400. डॅशबोर्डप्रमाणे एका ऑर्डरमागे खर्च 117 रुपये. 600 रुपयांच्या कमाईपुढे हा सौदा झकास. खऱ्या 96 ऑर्डरींवर तोच खर्च 317 रुपये पडतो, तरीही परवडतो.

पण दुसऱ्या संदेशात दहा टक्के सवलत होती. 384 पैकी 200 जणांनी ती वापरली, म्हणजे आणखी 30,000 रुपये. हा खर्च डॅशबोर्ड धरतच नाही. तो धरला, की एका वाढीव ऑर्डरमागे खर्च 629 रुपये होतो. कमाई 600. म्हणजे जे काम दुकानातले सर्वांत फायदेशीर वाटत होते, ते प्रत्येक ऑर्डरमागे 29 रुपयांच्या तोट्यात होते. तोटा संदेशाने केला नाही. एरवीही घेणाऱ्यांना वाटलेल्या सवलतीने केला.

इथे एक सावधगिरी हवी. 800 जणांच्या गटात पाच-दहा ऑर्डरी नशिबानेही इकडेतिकडे होतात. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशोबाने या उदाहरणातली वाढ 96 असली, तरी ती 25 पासून 170 पर्यंत कुठेही असू शकते. म्हणून एका आठवड्याच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. महिन्याला शंभरच टोपल्या सुटत असतील, तर ही चाचणी वर्षभर चालवली तरी ठोस उत्तर मिळणार नाही. तेव्हा आधी सवलत काढून पाहणे हा साधा उपाय असतो. सवलतीविना विक्री थोडी घटेल. ती किती घटते हे पाहिले, की सवलत टिकवायची की नाही ते ठरते.

अ‍ॅफिलिएटच्या बाबतीत अशी चाचणी का होत नाही?

कारण लिंक दुसऱ्याच्या पानावर असते. ती कोणाला दिसावी आणि कोणाला नाही, हे दुकानाच्या हाती नसते. तरी एक मार्ग आहे. कूपनच्या साधनांचा सहभाग चार आठवडे थांबवायचा आणि दुकानाची एकूण विक्री आणि नफा किती हलतो ते पाहायचे. त्या अ‍ॅफिलिएटच्या नावावरच्या ऑर्डरी शून्य होणारच. प्रश्न एकूण ऑर्डरी घटल्या का, हा आहे. सण किंवा सेलच्या काळात हे करू नये, कारण तेव्हाच्या चढउतारात फरक बुडून जातो.

ईबेनेच जाहिरातींबाबत असा प्रयोग केला होता. लोक शोधयंत्रात 'ईबे' हाच शब्द टाकत, तेव्हा वर दिसणाऱ्या सशुल्क जाहिरातीवर कंपनी पैसे मोजत असे. 2012 मध्ये ती काही शोधयंत्रांवर बंद करून पाहिली. अर्थतज्ज्ञांना आढळले, की तिथून मिळणारी जवळजवळ सगळी, 99.5 टक्के, वर्दळ खालच्या फुकटच्या दुव्यावरून तशीच येत राहिली. अहवालात जाहिरात भरघोस विक्री करत होती. प्रत्यक्षात ती येणाऱ्या माणसाला फक्त दार उघडून देत होती.

पुढे काय?

न्यायालयात काय ठरते, हा यूट्यूबर आणि कूपनवाल्यांमधला प्रश्न आहे. पण कमिशनचा धनादेश शेवटी दुकानदार लिहितो आणि नियमही त्याच्याच कार्यक्रमाचे असतात. तो जोवर शेवटच्या क्लिकला सगळे श्रेय देत राहील, तोवर शेवटच्या क्लिकसाठी झटापट चालूच राहील. ब्राउझरची धोरणे कितीही बदलली तरी.

दुकानदाराने महिनाअखेरीला एक साधे काम करावे. अ‍ॅफिलिएट, ऑटोमेशन आणि जाहिरात, तिन्हींच्या अहवालांतले ऑर्डर क्रमांक एका तक्त्यात शेजारीशेजारी मांडावेत आणि एकाच ऑर्डरवर किती जणांनी हक्क सांगितला ते मोजावे. तिन्हींची बेरीज बँकेत आलेल्या रकमेच्या दीड-दोन पट निघाली, तर अहवाल खोटे आहेत असे नव्हे. ते प्रत्येक जण आपल्यापुरतेच मोजतो आहे. आणि ज्या यूट्यूबरच्या नावापुढे क्लिक भरपूर पण कमिशन शून्य दिसते, त्याला एकदा फोन करावा. गिऱ्हाईक बहुधा तोच आणत असतो.